परिपाठातलं ‘नमस्ते’: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी पहिली ते चौथीच्या मुलांचा परिपाठ घेते. प्रार्थना कुठली, सुविचार कुठला यावर मला फारसे प्रश्न येत नाहीत. प्रश्न येतात ते परिपाठाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाबद्दल, म्हणजे मुलांनी बाईंना, सरांना आणि एकमेकांना काय म्हणायचं, कसं म्हणायचं आणि मूल म्हणतच नसेल तर काय करायचं याबद्दल. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्न एकमेकांना लागून असतील तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. परिपाठात मुलांनी नक्की काय म्हणायचं? ‘नमस्ते’, ‘सुप्रभात’ की ‘गुड मॉर्निंग’?

तिन्ही चालतात. पण शाळेने त्यातलं एकच निवडावं आणि वर्षभर तेच ठेवावं. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरं असं झालं, की लहान मुलं शब्द आठवण्यात अडकतात आणि समोरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

मी ‘नमस्ते’ निवडते. ते कोणत्याही वेळी चालतं, हे त्याचं पहिलं कारण. ‘सुप्रभात’ दुपारच्या अधिवेशनात चालत नाही, आणि ‘शुभ दुपार’ मराठीत कोणी सहज म्हणत नाही. मुलांसाठी ‘गुड मॉर्निंग’ हा एकच अखंड शब्द असतो. त्यात ‘सकाळ’ आहे हे पहिलीतल्या बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं, त्यामुळे दुपारी तीन वाजताही ती तेवढ्याच उत्साहाने ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. दुसरं कारण उच्चाराचं आहे, ते प्रश्न १० मध्ये दिलं आहे.

२. नुसतं ‘नमस्ते’ पुरे, की पुढे ‘बाई’, ‘सर’ लावायलाच हवं?

एकट्याने म्हणताना लावावं. संबोधन जोडलं की मुलाला आपण कोणाशी बोलतोय याचं भान येतं आणि मान आपोआप त्या माणसाकडे वळते. बाई, सर, मॅडम, ताई, गुरुजी यांपैकी शाळेत जे रुळलंय तेच ठेवा.

सगळ्यांनी मिळून म्हणताना मात्र मी संबोधन गाळते. समोर चार बाई आणि दोन सर उभे असले, की ‘नमस्ते बाई, नमस्ते सर, नमस्ते मोठ्या बाई’ अशी रांग लागते आणि त्यातूनच पुढच्या प्रश्नातला सूर जन्माला येतो.

३. मुलं ‘नऽऽमस्तेऽऽ बाऽऽईऽऽ’ असं सूर लावूनच म्हणतात. हे असं का होतं, आणि कसं मोडायचं?

सर्वात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. बहुतेक वेळा मुलांना आळशी किंवा यांत्रिक म्हटलं जातं. दोष त्यांचा नाही. शेकडो जणांनी एकदम बोलायचं म्हटलं की असंच होतं.

मैदानावर पुढच्या रांगेपासून शेवटची रांग साधारण ३५ मीटर लांब आहे असं धरू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे पुढून आलेला ‘न’ शेवटच्या मुलाला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो ऐकून ते मूल बोलायला लागेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो. एकट्याचा आवाज फुटू नये म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करायची वाट बघतो. ज्यांनी आधी सुरू केलंय ते मागच्यांनी गाठेपर्यंत स्वर ताणून धरतात. ‘नमस्ते’चा शेवट ‘ते’ असा मोकळा आहे आणि ‘बाई’त तर दोन्ही स्वर दीर्घ, त्यामुळे ताणायला जागा भरपूर मिळते. आठवड्याभरात त्या ताणण्याची चाल बसते. मग नवीन आलेलं मूल शब्द शिकत नाही, ती चाल शिकते.

हे मोडायला मी तीन गोष्टी करते.

पहिली गोष्ट खुणेची. परिपाठ घेणाऱ्याने हात वर न्यायचा, सगळ्यांनी श्वास घ्यायचा, आणि हात खाली आला की म्हणायचं. डोळ्याला दिसणारी खूण सगळ्या रांगांपर्यंत एकाच क्षणी पोहोचते, त्यामुळे कोणाला कोणाची वाट बघावी लागत नाही. माइकवरून ‘एक, दोन, तीन’ म्हणून तेवढं साधत नाही, कारण तो आवाजही मागे उशिराच पोहोचतो.

दुसरी गोष्ट कुजबुजण्याची. वर्गात आधी सगळ्यांनी ‘नमस्ते’ कुजबुजायचं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून चाल लागत नाही. शब्द आपोआप आखूड आणि सरळ येतो. तीन वेळा कुजबुजून लगेच चौथ्यांदा नेहमीच्या आवाजात म्हणायला लावा. पहिल्याच दिवशी फरक ऐकू येतो. दोन-तीन आठवड्यांनी सूर पुन्हा डोकावतो, तेव्हा पुन्हा कुजबुजायचं.

तिसरी गोष्ट मोठ्यांसाठी, आणि तीच सगळ्यात अवघड. बाईंनी स्वतः ‘नमस्ते मुलांऽऽनोऽऽ’ म्हणणं सोडायचं. आपण ताणलं की मुलं ताणणारच.

शिवाय एकदा परिपाठाच्या वेळी शिक्षक कुठे उभे असतात ते बघा. बऱ्याच शाळांत ते रांगांच्या मागे असतात, कारण मागे गोंधळ होतो. मग मुलं ‘नमस्ते’ म्हणतात ते माइकला. निदान त्या अर्ध्या मिनिटापुरतं प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या रांगेच्या पुढे येऊन उभं राहावं.

४. पहिलीतल्या नव्या मुलांना हे शिकवायचं कसं? ‘म्हणा नमस्ते’ म्हटलं की सगळी ‘म्हणा नमस्ते’ असंच म्हणतात.

हे प्रत्येक वर्गात होतं, कारण त्यांच्या कानाला ती सगळी एकच ओळ असते. म्हणून सुरुवात सूचनेने करू नका, दाखवण्याने करा. माझा साधारण दोन आठवड्यांचा क्रम असा असतो.

पहिले तीन दिवस मुलांकडून काहीच मागत नाही. मी दारात उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या उंचीला येऊन, नाव घेऊन ‘नमस्ते’ म्हणते. कोणी उलट म्हणतं, कोणी नुसतं बघतं, कोणी आईच्या मागे लपतं. मी थांबत नाही, पुढच्याकडे वळते. या तीन दिवसांत माझी नावं पाठ होतात, हा मोठा फायदा.

चौथ्या दिवशी वर्गात दोन बाहुल्या आणते. एक बाहुली दुसरीला ‘नमस्ते’ म्हणते आणि दुसरी गप्प बसते. मी मुलांना विचारते, ‘हिला कसं वाटलं असेल?’ एका वर्षी एक मुलगी पटकन उठली, गप्प बाहुलीच्या पाठीला हात लावला आणि तिच्या वतीने म्हणाली, ‘नमस्ते, मी आत्ताच उठलेय.’ ‘नमस्ते’ला उत्तर लागतं, हे वर्गाला तिथेच कळलं. मला काही समजावावं लागलं नाही.

पाचव्या दिवसापासून दारातलं ‘नमस्ते’ मुलांकडून यायला हवं असतं. आता मी लगेच बोलत नाही. त्यांच्याकडे बघते आणि मनात तीनपर्यंत मोजते. ही शांतता फार महत्त्वाची आहे. आपण घाईने आधीच म्हणून टाकलं, की मुलाची पाळी येतच नाही. तीन मोजूनही काही आलं नाही, तर मी म्हणते आणि त्याला आत सोडते.

दुसऱ्या आठवड्यात रांगेतलं एकत्र ‘नमस्ते’ घेते, प्रश्न ३ मधल्या खुणेने. हा क्रम उलटा करू नका. आधी एकत्र म्हणायची सवय लागली, की एकट्याने म्हणतानाही मूल तीच चाल लावतं आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

शिकलं की नाही हे ओळखायची माझी खूण साधी आहे. परिपाठाबाहेर, म्हणजे नळावर किंवा जिन्यात, कोणी न सांगता मूल ‘नमस्ते बाई’ म्हणालं तर ते शिकलं. रांगेतल्या आवाजावरून काहीच कळत नाही.

५. वर्गात ३० मुलं आहेत. प्रत्येकाला दारात ‘नमस्ते’ म्हणायला वेळ कुठून आणायचा?

एका मुलाला चार सेकंद पुरतात: नाव, नमस्ते, नजर. तीस मुलांचे १२० सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. मुलं एकदम येत नाहीत, त्यामुळे रांगही लागत नाही. शाळा मैदानावरच सुरू होत असेल, तर परिपाठ संपून मुलं वर्गाकडे जाताना दारात उभं राहा.

याचा परिणाम अभ्यासावर होतो का, हेही विचारलं जातं. २००७ साली ॲलन ऑलडे आणि केरी पाकुरार यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकाने दारात नाव घेऊन स्वागत करायला सुरुवात केल्यावर, तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत मुलं कामात असण्याचं प्रमाण सरासरी ४५ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. मात्र हा प्रयोग फक्त तीन मुलांवर होता, तीही आपल्या प्राथमिकच्या मुलांपेक्षा मोठी. म्हणून तो आकडा भिंतीवर लावू नका. पण दोन मिनिटांत ज्या मुलाचं नाव दिवसभरात एकदाही घेतलं गेलं नसतं त्याचं नाव घेतलं जातं, हे माझ्या दृष्टीने पुरेसं कारण आहे.

६. मुलांनी एकमेकांना काय म्हणायचं? ती एकमेकांना ‘नमस्ते’ म्हणायला लाजतात.

लाजणारच, कारण मराठीत बरोबरीची मुलं एकमेकांना ‘नमस्ते’ म्हणत नाहीत. ती ‘ए, आलास?’ म्हणतात, ‘काय गं, काल का नाही आलीस?’ म्हणतात. हेच त्यांचं अभिवादन आहे आणि ते चांगलं आहे. त्याच्या जागी ‘नमस्ते मित्रा’ बसवलं, तर ते फक्त परिपाठात ऐकू येईल.

मी दोनच गोष्टी शिकवते: नाव घ्यायचं आणि आल्याची दखल घ्यायची. ‘समीर, आलास?’ एवढं पुरे. ‘ए जाड्या’, ‘ए चष्मिश’ चालत नाही, आणि नुसत्या आडनावाने हाक मारणंही मी बंद करते, कारण बऱ्याच मुलांना ते आवडत नाही पण ती बोलून दाखवत नाहीत. टोपणनाव स्वतःला आवडत असेल तर चालेल. मात्र ते त्या मुलालाच एकट्याला विचारायचं, चारचौघांत नाही. चारचौघांत ते ‘चालतं बाई’ असंच म्हणणार.

खरी अडचण पुढे आहे. मोकळं सोडलं तर मुलं आपापल्या मित्रांनाच हाका मारतात, आणि दोन-तीन मुलांना कोणीच ‘आलास?’ म्हणत नाही. एक दिवस दारात उभं राहून नुसतं बघा, कोण आत आलं की कोणीच मान वर करत नाही. हे लिहून ठेवा, पण वर्गात बोलू नका.

त्यावर मी ‘शेजारी’ ही पद्धत वापरते. परिपाठाच्या रांगेत जो पुढे आणि जो मागे, त्या दोघांना नावाने काहीतरी म्हणायचं. रांगेतली जागा दर सोमवारी बदलते, त्यामुळे काही महिन्यांत प्रत्येकाचा बराच वर्ग फिरून होतो. यात ‘तुझ्या मित्राला म्हण’ असं कुठे येत नाही, म्हणून मित्र नसलेलं मूल उघडं पडत नाही. सुरुवातीला नाव माहीत नसतं, तेव्हा ‘तुझं नाव काय?’ हेच अभिवादन. वर्षाच्या मध्यातही एकमेकांची नावं माहीत नसलेली मुलं एकाच वर्गात असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

७. घरी दिवसभर बडबडते, पण शाळेत बाईंना ‘नमस्ते’ म्हणत नाही. हा उद्धटपणा समजायचा का?

नाही. नव्या जागी, मोठ्या माणसासमोर आवाज न फुटणं हे अगदी नेहमीचं आहे. अशा मुलाला सगळ्यांसमोर थांबवून ‘म्हटल्याशिवाय आत जायचं नाही’ असं केलं, की दुसऱ्या दिवशी दार जवळ आलं तरी त्याचं पोट दुखायला लागतं.

त्याऐवजी शब्दाच्या आधीच्या पायऱ्या मोजा. आधी नजर, मग मान हलवणं, मग हात हलवणं किंवा जोडणं, मग ओठ हलणं, मग आवाज. मूल आज ज्या पायरीवर आहे तीच पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारा. बाईंनी ‘नमस्ते’ म्हणून पुढे जायचं, उत्तरासाठी अडवायचं नाही. ‘अरे वा, आज बोलली!’ असं आवाज फुटल्यावर मोठ्याने म्हणू नका. सगळी माना वळवतात आणि मूल पुन्हा मिटतं.

मूल घरी नीट बोलतं पण शाळेत महिन्याहून जास्त काळ कोणाशीच बोलत नसेल, अगदी मित्रांशीही नाही, तर ते वेगळं आहे. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत. याला निवडक मूकता म्हणतात आणि ती चिंतेतून येते, हट्टातून नाही. अशा वेळी समुपदेशक किंवा बालमानसतज्ज्ञांकडे जावं. लवकर गेलं तर सोपं जातं.

८. आम्ही आठवण केली तरच म्हणतो. ‘बाईंना नमस्ते म्हण’ असं किती दिवस सांगत राहायचं?

आठवण करावी लागणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. भाषेतले इतर शब्द मुलं ऐकून उचलतात, पण अभिवादन आणि आभार यांचे शब्द मोठ्यांनी ‘म्हण’ म्हटल्यावर येतात. एस्थर ग्राइफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी १९८० साली २२ लहान मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. कोणी भेटल्यावर, भेटवस्तू दिल्यावर आणि निरोप घेताना मुलं काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं. आपणहून म्हणणारी मुलं थोडीच होती, आभार तर फारच कमी जणांनी मानले. पालकांनी सुचवलं की बरीच म्हणत.

तेव्हा सांगा, पण सांगणं हळूहळू बारीक करत न्या. आधी पूर्ण वाक्य, मग ‘काय म्हणायचं?’, मग नुसतं बाईंकडे बघणं. आणि सांगायची जागा बदला. बाई समोर उभ्या असताना सांगण्यापेक्षा रस्त्यातच म्हणा, ‘आज बाई दारात असतील.’ समोर सांगितलं, की मुलाने म्हटलेलं ‘नमस्ते’ तुम्हाला जातं, बाईंना नाही. मूल तुमच्याकडे बघत ‘नमस्ते’ म्हणत असेल, तर हेच झालंय असं समजा.

मुलाला आवाजच फुटत नसेल, तर मात्र आठवणीने उपयोग नाही. प्रश्न ७ पाहा.

९. मूल बाईंना ‘तू’ म्हणतं. ‘बाई, तू बघ ना माझी वही.’ रागवायचं का?

रागवू नका. पाच-सहा वर्षांचं मूल घरी आईला ‘तू’ म्हणतं, आणि बाई आवडायला लागल्या की त्यांनाही तेच लावतं. ते जवळीक दाखवतंय. बाईंनी तेच वाक्य बरोबर करून परत म्हणावं: ‘बाई, तुम्ही बघा ना, असं का? दाखव, बघते.’ आणि वही बघावी. परत म्हणून घ्यायचं नाही. बहुतेक मुलं दुसरीत जाईपर्यंत आपणच ‘तुम्ही’वर येतात. घरी आईवडील बाईंचा उल्लेख ‘ती बाई काय म्हणाली?’ असा करत असतील तर मात्र उशीर लागतो.

१०. ‘सुप्रभात’ला मुलं ‘सुपरभात’, ‘सुप्पभात’ म्हणतात. दुरुस्त करायचं का?

‘र’ हा उशिरा येणारा आवाज आहे आणि जोडाक्षरातला ‘प्र’ त्याहून अवघड. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा तो अडखळला तर काळजी नको. तुम्ही नीट म्हणा, मूल ऐकत राहील. ‘पुन्हा म्हण, सुप्रभात!’ असं करून घेतलं की वर्ग हसतो. ‘नमस्ते’ निवडण्याचं माझं दुसरं कारण हेच.

११. आमच्या घरी हात जोडण्याची पद्धत नाही. मुलावर सक्ती होईल का?

होऊ नये. शब्द आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेला हवं ते एवढंच, की मुलाने समोरच्याची दखल घ्यावी. हात जोडायचे नसतील तर हात बाजूला ठेवून, बघून, नुसतं म्हणावं. शब्दालाही हरकत असेल तर ‘सुप्रभात’ म्हणावं किंवा मान झुकवावी.

शिक्षकांनी हे पालकांशी वर्ष सुरू होतानाच बोलून ठेवावं, रांगेत नव्हे. आणि वर्गातल्या इतर मुलांनी ‘तो हात जोडत नाही’ अशी तक्रार आणली, तर ‘त्याने नमस्ते म्हटलं ना? झालं तर’ एवढंच उत्तर द्यावं.

१२. दारावर चित्रं लावून ‘टाळी, मिठी की नमस्ते, निवडा’ असं करावं का?

करा, पण चित्रांमध्ये एक तरी पर्याय स्पर्श नसलेला असू द्या, आणि तो यादीच्या शेवटी टाकू नका. मिठी मी ठेवतच नाही. काही मुलांना ती नकोशी असते, पण मागचा पुढचा सगळा वर्ग मिठी निवडत असला की ती नाही म्हणू शकत नाहीत. टाळी पुरते. मुलाने रोज वेगळं निवडलं तर चालेल. आज नमस्ते, उद्या टाळी, यात काही बिघडत नाही.

१३. डोळ्यात डोळे घालून म्हणायलाच हवं का? आमचा मुलगा स्वमग्न आहे.

नको. स्वमग्न असलेल्या बऱ्याच मुलांना नजरेला नजर देणं त्रासाचं होतं, आणि तिकडे जोर लावला की शब्द सुटतो. शरीर बाईंकडे वळलेलं असणं पुरे. मैदानावरचा एकदम उठणारा आवाजही काही मुलांना सहन होत नाही. त्यांना रांगेच्या कडेला उभं करा, माइकपासून लांब, आणि खुणेचा हात वर गेला की आता आवाज येणार हे आधी कळू द्या. प्रश्न ३ मधल्या खुणेचा हा दुसरा उपयोग.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठीही तीच खूण कामी येते. दारात मात्र त्याच्या पाठीमागून बोलू नका. त्याला तुमचे ओठ आणि चेहरा दिसला पाहिजे.

१४. उशिरा आलेल्या मुलाने काय म्हणायचं?

प्रार्थना चालू असेल तर काहीच नाही. जिथे असेल तिथे उभं राहावं. संपल्यावर रांगेत जाताना बाईंजवळ थांबून ‘नमस्ते बाई’. बाईंनी आधी ‘नमस्ते’ला उत्तर द्यावं. ‘उशीर का झाला?’ हे नंतर, वर्गात, एकट्याला. पहिलं वाक्य जाबाचं असलं, की ते मूल पुढच्या वेळी ‘नमस्ते’ टाळून मागच्या बाजूने रांगेत घुसतं. प्राथमिकच्या मुलाचा उशीर बहुधा घरच्या मोठ्यांमुळे होतो, हेही लक्षात असू द्यावं.

१५. एकाच बाई दिवसात पाच वेळा भेटतात. प्रत्येक वेळी ‘नमस्ते’?

मोठ्यांना हे आपोआप कळतं, म्हणून आपण शिकवायचं विसरतो. मुलांना मी असं सांगते: ‘दिवसात पहिल्यांदा भेटलो की नमस्ते. परत भेटलो की हसायचं.’ बाई दुसऱ्या कोणाशी बोलत असतील किंवा फोनवर असतील, तर पहिली भेट असली तरी नुसतं हसून पुढे जायचं. काही मुलं मध्येच घुसून तीनदा ‘नमस्ते बाई’ म्हणतात, कारण पहिल्या दोनदा उत्तर मिळालेलं नसतं. अशा वेळी बोलणं न थांबवता बाईंनी एक मान हलवली तरी ते मूल शांत होतं.

१६. ‘नमस्ते’ म्हणणाऱ्याला तारा किंवा गुण द्यावेत का?

मी एका वर्षी दिले होते आणि दोन आठवड्यांत बंद केले. मुलं एकाच सकाळी फेऱ्या मारून चार-चार वेळा ‘नमस्ते’ म्हणायला लागली, तीही तक्त्याकडे बघत. शिवाय बोलू न शकणाऱ्या मुलाची (प्रश्न ७) रिकामी ओळ रोज सगळ्यांना दिसत राहिली. ‘नमस्ते’ला मिळणारं उत्तर हेच त्याचं बक्षीस असू द्या.

१७. शाळेतल्या मावशी आणि काकांना मुलांनी काय म्हणायचं?

तेच: ‘नमस्ते मावशी’, ‘नमस्ते काका’. फाटकावर मुलांना सकाळी सर्वात आधी भेटणारा माणूस बहुधा काकाच असतो. पण परिपाठात ‘नमस्ते’ फक्त बाई आणि सरांना शिकवलं जातं, आणि मुलं त्यातून एक दुसरीच गोष्ट शिकतात, की काही मोठ्या माणसांना म्हणायचं आणि काहींना नाही. वर्षाच्या सुरुवातीला मावशी-काकांची नावं मुलांना सांगा. त्यांना परिपाठात पुढे बोलवा, आणि पहिलं ‘नमस्ते’ मुख्याध्यापकांनी त्यांना म्हणू द्या, मुलांसमोर.

१८. दुःखाची बातमी असलेल्या दिवशी परिपाठाची सुरुवात कशी करायची?

शाळेतलं कोणी गेलं असेल, तर त्या दिवशी एकत्र अभिवादन गाळा. ‘सुप्रभात’ तर नकोच. शांत उभं राहून, काय झालंय ते दोन साध्या वाक्यांत सांगून सुरुवात करावी.

जास्त विचारलं जातं ते पुढच्या दिवसांबद्दल. ज्याच्या घरी असं झालंय ते मूल परत येतं तेव्हा वर्गाला काय म्हणावं ते कळत नाही, आणि न कळल्यामुळे सगळी त्याला टाळतात. मी आदल्या दिवशी वर्गाला सांगते, ‘तो उद्या येईल. त्याला काही विचारायचं नाही. रोजच्यासारखं नाव घेऊन आलास म्हणायचं.’ एकदा असा मुलगा दारात आला तेव्हा पुढच्या बाकावरच्याने दप्तर सरकवून जागा केली आणि म्हणाला, ‘आलास? ये, इथे बस.’